फणसाचा वास कुठून येतो: लायबेरिका-एक्सेल्साच्या नोंदी

७ जून

कोडगूहून कच्च्या कॉफीचं पार्सल आलं. पाच-पाच किलोच्या चार पिशव्या, चारींवर मार्करने एकच शब्द, कॉफीच्या एका जातीचं नाव: लायबेरिका. खाली बारीक अक्षरात दोनवर ‘वॉश्ड’ आणि दोनवर ‘चेरी’, म्हणजे सालीसकट वाळवलेली. बागायतदार अण्णांकडे ही झाडं बागेच्या कडेने उभी आहेत, आजोबांच्या काळापासून. अरेबिका-रोबस्टाची तोडणी उरकली, मजूर घरी निघाले, की यांची फळं पिकतात. आजवर ती रोबस्टा चेरीच्या ढिगात मिसळून विकली जायची. यंदा माझ्या सांगण्यावरून त्यांनी ती वेगळी तोडली आणि एकाच तोडणीचे दोन भाग केले. अर्ध्या फळांची साल काढून, आंबवून, धुऊन वाळवली. उरलेली अख्खीच पसरली.

दोन भाग करण्यामागे हेतू आहे. लायबेरिका प्यायलेला प्रत्येक जण फणसाचं नाव घेतो. मलेशिया, इंडोनेशियातही तेच वर्णन चालतं. पण बाजारात येणारी बहुतेक लायबेरिका सालीसकट वाळवलेली असते, आणि तशी वाळवली तर अरेबिकासुद्धा फळासारखी लागते. मग जो फरक सांगितला जातो तो झाडाच्या जातीचा की वाळवण्याचा? कोथरूडच्या या १२ बाय १० च्या भाजणखोलीत ते जितकं तपासता येईल तितकं तपासायचं.

८ जून

चारही पिशव्यांवर एकच नाव असलं तरी आत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे हातात घेताच कळतं.

पहिल्या जोडीचं बी मोठं, लांबट, एका टोकाला निमुळतं. मधली चीर सरळ नाही, वाकडी जाते. दोन्ही अर्धे सारखे नाहीत. दुसऱ्या जोडीचं बी लहान आणि गोलसर. नुसतं बघून कोणी अरेबिका म्हणेल. चाळणी लावली. ७.१० मिमीच्या जाळीवर, म्हणजे अरेबिकात ‘डबल ए’ निवडायला वापरतात त्या जाळीवर, पहिल्या जोडीचं जवळपास सगळं बी थांबलं. दुसऱ्या जोडीचं दोन तृतीयांश खाली गेलं.

अण्णांना फोन केला. फळं कशी होती विचारलं. म्हणाले, “मॅडम, एका बाजूच्या झाडांना मोठी, जाड सालीची फळं. दुसऱ्या बाजूला फळ लहान, पण एकेका पेरावर भरपूर. आम्ही दोघांना झाडकॉफीच म्हणतो.” म्हणजे दुसरी जोडी एक्सेल्सा.

ही गल्लत अण्णांची एकट्याची नाही. वनस्पतिशास्त्रातच ती बराच काळ होती. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्युस्त शेवालिए यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य आफ्रिकेतून एक्सेल्साचं वर्णन केलं. पुढे ती लायबेरिकाचाच एक प्रकार ठरली आणि पुस्तकांत तशीच राहिली. २०२५ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातले ॲरन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी जनुकीय पुरावा मांडून दोन्ही पुन्हा वेगळ्या केल्या. लायबेरिका मुळात पश्चिम आफ्रिकेची, एक्सेल्सा मध्य आफ्रिकेची, शास्त्रीय नाव कॉफिया देवेवरेई. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या पाकिटावर ‘लायबेरिका’ लिहिलेलं असलं तर आत नक्की काय होतं हे बी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. चवीची जुनी वर्णनंही त्याच बेतानं वाचायला हवीत.

पिशव्यांवर नवी अक्षरं घातली: ला-धुतलेली, ला-सुकी, ए-धुतलेली, ए-सुकी.

१० जून

ओलावा मोजला. तीन पिशव्या ११ ते १२ टक्क्यांत, ठीक. ला-सुकी १३.२. हे जास्त आहे.

कारण समजण्यासारखं आहे. लायबेरिकाची साल आणि गर दोन्ही जाड. अरेबिकाचं फळ सालीसकट वाळायला दोन-तीन आठवडे पुरतात, याला बरेच जास्त लागतात, आणि बाहेरून खडखडीत वाजणारं फळ आतून ओलं असू शकतं. त्यात ही फळं एप्रिलमध्ये तोडलेली. कोडगूत तेव्हा वळवाच्या सरी सुरू होतात. अण्णा म्हणाले, दोनदा ताडपत्री टाकावी लागली.

बी नाकाशी धरलं तर बुरशीचा, ओल्या गोणपाटाचा वास नाही. म्हणजे वाचलं आहे. पुण्यात आता उन्हाचा भरवसा नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवलं. रोज वजन करायचं.

१३ जून

तुलनेला अरेबिका कोणती घ्यायची, यावर आज अडले.

सोपं उत्तर होतं: चिकमगळूरची एस.७९५, धुतलेली, प्लांटेशन ए दर्जाची. पुण्यात भारतीय अरेबिका म्हणून जी मिळते त्यात ती भरपूर असते. पण एस.७९५ ही एस.२८८ आणि केंट यांच्या संकरातून आली आणि एस.२८८ चं मूळ एस.२६ मध्ये आहे. ही एस.२६ म्हणजे अरेबिका आणि लायबेरिका यांचा आपोआप झालेला संकर मानला जातो. तांबेऱ्याला तोंड देण्याचा गुण तिथूनच आला. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने १९४० च्या दशकात बागायतदारांना एस.७९५ दिली ती याच गुणासाठी. म्हणजे आपली रोजची ‘शुद्ध अरेबिका’ लायबेरिकाची दूरची नात आहे.

दुसऱ्या भारतीय जाती घ्याव्यात तर चंद्रगिरी, कावेरी, सिलेक्शन ९ या सगळ्यांच्या वंशात तिमोरचा संकर, म्हणजे रोबस्टाचा अंश. कुठे ना कुठे दुसरं रक्त आहेच.

शेवटी दोन अरेबिका ठेवल्या. एस.७९५ इथली म्हणून आणि इथियोपियाची एक धुतलेली, व्यापाऱ्याकडून आणलेली. ती अरेबिकाच्या मूळ देशातली, या संकरांपासून लांबची.

१७ जून

भाजणी सुरू. यंत्र एक किलोचं, घाणा ५०० ग्रॅमचा. आधी एस.७९५ नेहमीप्रमाणे: ड्रम १९० अंशांना तापल्यावर बी टाकलं, साडेआठ मिनिटांच्या पुढे फर्स्ट क्रॅक, म्हणजे बी तडकण्याचा पहिला आवाज, दहा मिनिटं वीस सेकंदांना बाहेर. वजनातली घट १४ टक्क्यांच्या आसपास.

मग मुद्दाम तीच आच, तोच वेळ ला-धुतलेलीला. अरेबिकाच्या मापात ती कशी वागते ते नोंदवून ठेवायचं होतं.

बाहेरून रंग अगदी तसाच. दळलं आणि पूड पांढऱ्या कागदावर अख्ख्या बीशेजारी ठेवली, तर पूड दोन छटा फिकट. एक मोठं बी सुरीने उभं कापलं: कडेला तपकिरी, मध्ये पेंढ्याचा रंग. चव कच्च्या शेंगदाण्याची, मागे कोरडा कडवटपणा. हा घाणा चवीच्या चाचणीत जाणार नाही, पण कागदावर राहील. कारण ‘लायबेरिका लाकडासारखी लागते’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येत असावी. बी मोठं, उष्णता आत पोचायला वेळ लागतो आणि भाजणारा बाहेरच्या रंगावर थांबतो. किंवा उलट, आतलं शिजावं म्हणून ओढत नेतो आणि लहान बी जळतं.

आणखी एक. तिचा फर्स्ट क्रॅक दबका आहे. अरेबिका फुटाण्यांसारखी वाजते, ही मध्येच एखादा ठोका देते. कानावर विसंबून राहता येणार नाही. वास आणि तापमान दोन्ही बघावं लागेल.

२१ जून

ला-धुतलेली दोन आकारांत चाळून वेगळी केली आणि वेगळीच भाजली. ड्रम १७५ अंशांवर, सुरुवातीची पिवळी होण्याची पायरी सावकाश, साधारण सहा मिनिटांची. पहिला ठोका साडेदहाच्या आसपास. त्यानंतर दोन मिनिटं. अख्खं बी आणि पूड कागदावर आता जवळपास एका रंगाची दिसतात. मोठ्या आकाराला अर्धा मिनिट जास्त लागला.

एक्सेल्साला एवढे लाड लागत नाहीत. लहान, एकसारखं बी, अरेबिकापेक्षा थोडी सौम्य आच पुरली. क्रॅकही नीट ऐकू आला.

हातदळणीत लायबेरिकाची मोठी टोकदार बियं तोंडाशीच अडकून बसतात. दळताना मधून मधून थांबून काडीने हलवावं लागतं.

२२ जून

ला-सुकीचा ओलावा ११.९ वर आला. तीही भाजली.

२४ जून

चव घ्यायच्या आधी पाण्याचा प्रश्न. सोसायटीत दोन नळ: एक महापालिकेचा, एक बोअरचा. खडकवासल्याकडून येणारं पाणी मऊ, बोअरचं जड. एकाच इथियोपियाच्या पुडीवर दोन्ही ओतून पाहिलं. मऊ पाण्यात लिंबाच्या सालीसारखा स्वच्छ आंबटपणा. बोअरच्या पाण्यात तो जवळपास गेलाच, उरली सपाट, गोलमटोल कॉफी. जड पाण्यातला बायकार्बोनेट आम्लाला मारतो.

आमच्या प्रश्नात हे महत्त्वाचं आहे, कारण लायबेरिकाची ओळखच मुळी ‘कमी आंबट’ अशी सांगतात. बोअरच्या पाण्यावर तुलना केली असती तर अरेबिकाच अर्धी लायबेरिका होऊन बसली असती. पुढचं सगळं महापालिकेच्या पाण्यावर, गाळून. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उकळी बसल्यावर थोडं थांबून ९३ ला ओतायचं.

२८ जून

पहिलं कपिंग. ११ ग्रॅम पूड, २०० मिली पाणी, चार मिनिटांनी वरचा थर फोडायचा. सहा वाट्या, खाली आकडे चिकटवलेले. चव घेणारे चौघे: मी, रत्नागिरीची मावशी, अन्नतंत्रज्ञान शिकवणारी मैत्रीण आणि वरच्या मजल्यावरचे काका, ज्यांची चाळीस वर्षं फिल्टर कॉफीवर गेली आहेत. एक अट: कोणी बोलायचं नाही, आधी लिहायचं. ‘फणस’ हा शब्द एकाने उच्चारला की बाकीच्यांना तोच वास येतो.

थर फोडताना ला-सुकीच्या वाटीवरून मावशीचं डोकं वर आलंच नाही. तिच्या कागदावर नंतर वाचलं: “बरका. कापा नव्हे.” आम्ही तिघांनी फणस, पिकलेलं केळं, गोड दारू असलं काहीबाही लिहिलं होतं. मावशी म्हणाली, “अगं, काप्याला वास असतो तो कोरडा. हा गरा हातातून सुटणारा, रसाळ, थोडा उतरायला लागलेला.” माझ्या लेखी आजची सर्वांत उपयोगी नोंद हीच.

वाटी निवत गेली तसं वेगळंच पुढे आलं. ६० अंशांना फळ, ४० ला जुन्या चीजची छटा. काकांनी वाटी बाजूला सारली. “ही मला नको,” म्हणाले.

मैत्रिणीने नंतर कारण समजावलं. गरात साखर भरपूर, सालीआड दिवसेंदिवस आंबवण चालू. यीस्ट आणि जिवाणू त्यातून आम्लं आणि त्यांची एस्टरं बनवतात. आयसोव्हॅलेरिक आम्लाला चीजचा, घामट मोज्यांचा वास. त्याच आम्लाच्या एस्टरांना गोड फळाचा वास, आणि पिकल्या फणसाच्या वासातही हीच एस्टरं असतात. म्हणजे फणस आणि चीज एकाच घरातले. आंबवण कुठे थांबतं त्यावर कोण पुढे दिसणार ते ठरतं.

ला-धुतलेलीच्या वाटीत चीज नाही. फणस आहे का? चौघांपैकी दोघांनी लिहिला, तोही कडेला, ‘थोडा’ असा. ठळक जे लिहिलं गेलं ते वेगळंच. गोडी लांब राहते. जिभेवर जाड. आंबट जवळपास नाही. अंजीर. काकांनी पूर्ण प्यायली.

२९ जून

कालच्या कागदांवर परत नजर टाकली. एक्सेल्साबद्दल काल काही लिहिलं नाही, कारण तिथे सगळ्यांचं एकमत होतं आणि त्यात मजा कमी वाटली. पण मजा आहे.

ए-धुतलेलीला आंबटपणा आहे. इथियोपियाइतका टोकदार नाही, लिंबाचा नाही. काळ्या फळाचा: जांभूळ, करवंद. त्याच्यामागे काकवी आणि कोकोच्या तुकड्यांचा तुरट गोडवा. दाटपणा मध्यम, कडूपणा कमी. लायबेरिका आणि एक्सेल्सा एकाच जातीत कोंबल्या होत्या, पण वाटीत त्या एकमेकींसारख्या नाहीत. ए-धुतलेली मला लायबेरिकापेक्षा अरेबिकाच्याच जवळची वाटते. फरक आंबटपणाच्या प्रमाणात कमी आणि प्रकारात जास्त.

ए-सुकीतही फळ वाढलं, पण ला-सुकीसारखं उतू गेलं नाही. गर पातळ, वाळायला वेळ कमी, आंबवणही आवरतं. हा माझा तर्क. ओलाव्याचे आकडे त्याच्या बाजूने आहेत.

५ जुलै

शंका आली की लायबेरिका आणि अरेबिका यांतला फरक म्हणजे फक्त आंबटपणाची कमतरता तर नाही? तसं असेल तर आंबटपणा घातला की लायबेरिका अरेबिका व्हायला हवी.

१०० मिली पाण्यात १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवलं. त्यातलं ६ मिली ला-धुतलेलीच्या २०० मिलीच्या वाटीत, म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम. शेजारी तेवढंच साधं पाणी घातलेली वाटी. दोन्ही मैत्रिणीला झाकून दिल्या.

आंबट झाली, अरेबिका झाली नाही. “लायबेरिकात कोणीतरी लिंबू पिळलंय,” मैत्रिणीचं वाक्य. दाटपणा आणि शेवटची लांबण तशीच खाली बसलेली, आंबट वरती तरंगतंय. अरेबिकात आंबट आणि गोड एकाच वेळी येतात. इथियोपियाची वाटी निवताना आंबटपणा उजळतो आणि गोडीही सोबत येते. लायबेरिका निवताना आंबट नसल्यामुळे नव्हे, तर सुगंधाची ठेवणच वेगळी असल्यामुळे खालच्या सुरात जाते: सुकं अंजीर, थोडं चंदनाच्या बाजूचं लाकूड.

उलटही करून पाहिलं. एस.७९५ ला बोअरचं पाणी. सपाट झाली, लायबेरिका झाली नाही. म्हणजे पाण्याची भीती होती तेवढी ती फसवत नाही, पण गोंधळ वाढवते खरी.

आणि हो, एस.७९५ मध्ये कोणालाही लायबेरिका सापडली नाही. मी ओळखता येतंय का म्हणून बराच वेळ शोधलं. तांबेऱ्याचा गुण आला, चव मागे राहिली. पिढ्यान्‌पिढ्या अरेबिकाशी संकर होत गेला की असंच होणार.

१२ जुलै

त्रिकोणी चाचणी. तीन वाट्या, दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचं. नुसता अंदाज मारला तरी तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून बारा फेऱ्यांपैकी निदान आठ बरोबर आल्या तरच फरक खरोखर जाणवतो असं धरायचं. चौघांच्या प्रत्येकी तीन फेऱ्या, लाल दिव्यात, म्हणजे रंगावरून ओळखू नये.

ए-धुतलेली विरुद्ध एस.७९५, दोन्ही काळ्या: बारात दहा बरोबर.

त्याच दोन, दुधात: बारात सहा. म्हणजे पुरावा नाही. एक्सेल्साचं करवंद दुधात बुडालं. दुधातली प्रथिनं तुरटपणा धरून ठेवतात आणि आंबटपणाची धारही बोथट होते. एक्सेल्साकडे दाखवण्यासारखं होतं ते नेमकं हेच दोन.

ला-सुकी विरुद्ध एस.७९५, दुधात: बाराच्या बारा. काकांनी तर तोंडाशी नेण्याआधीच वाटी दाखवली.

१३ जुलै

काकांसाठी पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन काढलं. ला-धुतलेली ८० भाग, चिकोरी २०. चिकोरीने स्वतःची काकवी-कडवट चव वर घातली आणि लायबेरिकाचा दाटपणा तिच्याखाली छान बसला. काका म्हणाले, “आमच्या मिश्रणात रोबस्टा ज्या कामाला घालतात ते काम ही करते, पण घशाला लागत नाही.” बरोबर आहे. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या दुपटीच्या जवळपास जातं, कडूपणा त्यामुळेही असतो. लायबेरिका आणि एक्सेल्सात कॅफिन अरेबिकाच्या आसपासचंच. दाटपणा आहे, ठोसा नाही. एस्प्रेसोच्या मिश्रणात रोबस्टाऐवजी वापरून पाहण्यासारखी गोष्ट, पण वरचा फेस, म्हणजे क्रेमा, किती येतो ते वेगळं बघावं लागेल.

१९ जुलै

जुन्या चवीच्या बदनामीबद्दल थोडं वाचलं. १८६९ मध्ये सिलोनमध्ये तांबेरा आला आणि अरेबिकाच्या बागा मोडायला लागल्या. पुढच्या दशकात लोकांनी लायबेरिकाकडे धाव घेतली. झाड उंच, सखल उष्ण भागात वाढणारं, सुरुवातीला रोगाला दाद न देणारं. मग तांबेरा तिलाही लागला, रोबस्टा आली आणि लायबेरिका मागे पडली. फिलिपिन्समधली बटांगासची बराको आणि मलेशियाचा जोहोर अशा काही ठिकाणी ती टिकली.

पण त्या बागायतदारांकडची यंत्रं अरेबिकाच्या फळाची होती. अण्णांनाही हाच त्रास झाला. त्यांच्या पल्परमधून मोठं फळ गेलं तर बी चिरडतं, नाहीतर साल सुटतच नाही. शेवटी बायकांनी हाताने साल काढली. साल जाड, बी त्या मानाने थोडं: त्यांच्या हिशोबाने लायबेरिकाच्या १०० किलो फळांतून जेमतेम ९ किलो बी हाती आलं. अरेबिकात १६-१७ तरी येतं. एक्सेल्साचा उतारा दोघींच्या मधला. एवढी मजुरी घालून तेच बी रोबस्टा चेरीच्या भावाने विकायचं असेल तर कोण धुऊन देईल? सालीसकट पसरायचं, पावसात भिजायचं, मग पुण्या-मुंबईतल्या माणसाने चीजचा वास येतो म्हणायचं.

२६ जुलै

एका गोष्टीची मर्यादा लिहून ठेवते. अरेबिका स्वतःच्या परागाने फळते, त्यामुळे एका जातीची झाडं बऱ्याच अंशी सारखी. लायबेरिका आणि एक्सेल्साला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. बीपासून लावलेलं प्रत्येक झाड वेगळं. अण्णांच्या कडेची झाडं कोणी निवडून लावलेली नाहीत, वाऱ्यापासून आडोसा म्हणून लावली. मी जी चव मोजली ती त्या एका रांगेची सरासरी आहे. जोहोरची किंवा बटांगासची लायबेरिका यापेक्षा वेगळी निघू शकते, आणि याच रांगेत एखादं झाड बाकीच्यांपेक्षा फार चांगलं किंवा फार वाईट असू शकतं.

एवढं मात्र या रांगेपुरतं म्हणता येतं: आंबट कमी, अंग जाड, शेवट लांब, हे धुतल्यावरही राहिलं, म्हणून ते झाडाचं. बरक्या फणसाचा भपका बहुतेक सालीआडच्या आंबवणाचा. पण धुतलेल्या वाटीतही दोघांना तो थोडा सापडला, म्हणून झाडाचा वाटा शून्य म्हणता येत नाही. धुण्यापूर्वीच्या टाकीतल्या आंबवणाचाही तो असू शकतो.

२ ऑगस्ट

अण्णांशी पुढच्या हंगामाचं बोलणं झालं. अडचणी ऐकून घेतल्या. पल्परचा खर्च कोणाला परवडणार नाही. त्यावर ठरलं ते असं.

मोठ्या फळांच्या बाजूची पाच झाडं रंगाने खुणावून ठेवायची, त्यांची फळं झाडागणिक वेगळ्या पिशवीत, प्रत्येकी दहा किलो तरी. साल हाताने. टाकीत अर्धी १२ तास, अर्धी ३६ तास, म्हणजे उरलेला फणस टाकीतला की झाडाचा ते कळेल. आणि थोडं बी अजिबात न आंबवता, गर हातानेच घासून काढून. सुकी करायची ती उंच जाळीवर, एका फळाच्या थरात, दिवसातून चारदा हलवून, वळवाची चाहूल लागली की आत. ओलावा १२ च्या खाली गेल्याशिवाय पोत्यात नाही.

एक्सेल्सा मात्र सगळी धुवायची, तिला नेहमीची यंत्रंही चालतात. भाव रोबस्टा चेरीच्या अडीचपट सांगितलाय. अण्णा म्हणाले, “घरात विचारून सांगतो.”

पिशव्यांवर पुढच्या हंगामापासून दोन वेगळी नावं लिहिणार आहेत.